सातांपैकी चार मेणबत्त्या

९ जुलै २००८ रोजी इराणच्या रिव्होल्युशनरी गार्ड्सच्या ‘सेपाह न्यूज’ या संकेतस्थळावर एक छायाचित्र झळकलं. उजाड माळावरून एकाच वेळी चार क्षेपणास्त्रं आकाशात झेपावताहेत, प्रत्येकाच्या मागे धुराची शेपटी आणि खाली धुळीचा लोट. एएफपी या वृत्तसंस्थेनं ते जगभर पाठवलं. लॉस एंजेलिस टाइम्स आणि शिकागो ट्रिब्यूनसारख्या दैनिकांनी ते पहिल्या पानावर घेतलं. लगेच त्याच प्रसंगाचं दुसरं छायाचित्र उजेडात आलं. त्यात तीनच क्षेपणास्त्रं वर गेली होती, चौथं जमिनीवरच राहिलं होतं. एएफपीनं आधीचं चित्र मागे घेतलं.

आता ते चित्र पाहिलं की गंमत वाटते. उजवीकडून दुसरं क्षेपणास्त्र नंतर चिकटवलेलं आहे आणि त्याचा धूर, त्याची धूळ शेजाऱ्यांकडून उसनी आणलेली आहे. क्षेपणास्त्र स्वतः हुबेहूब दुसऱ्यासारखं दिसलं, यात वावगं काहीच नव्हतं. एका कारखान्यातून निघालेल्या वस्तू सारख्याच असायच्या. घोटाळा केला तो धुरानं. धुराचा एक फुगा, त्याच्या कडेची एक खाच, तिच्याखाली एक काळसर डाग, हा क्रम निसर्गात दोनदा जुळून येत नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट २००६ मध्ये, रॉयटर्सवर असाच प्रसंग आला होता. बॉम्बहल्ल्यानंतरच्या बैरूतच्या छायाचित्रात एका छायाचित्रकारानं धूर वाढवून दाखवला होता. त्यानं फोटोशॉपमधला ‘क्लोन स्टॅम्प’ एकाच जागेवरून उचलून वर वर उमटवत नेला होता, त्यामुळे धुराचे गोळे ठशासारखे एकाखाली एक दिसत होते. रॉयटर्सनं ते चित्र तर काढलंच, त्या छायाचित्रकाराची संग्रहातली सगळी ९२० छायाचित्रंही काढून टाकली.

बातमीच्या छायाचित्रात वस्तू वाढवणं ही फसवणूकच, त्यावर वाद नाही. पण जाहिरात, पुस्तकाचं मुखपृष्ठ, शुभेच्छापत्र, मासिकातलं सजावटीचं पान इथे हेच काम रोज, उघडपणे चालतं. टेबलावर तीन मेणबत्त्या आहेत, संपादकांना सात हव्यात. कपाटाचा अर्धा खण रिकामा आहे, तो पुस्तकांनी भरायचा आहे. पुन्हा छायाचित्रण करायला वेळ नाही, पैसे नाहीत, किंवा ते टेबलच आता राहिलेलं नाही. मग हातात असलेल्या एकाच छायाचित्रातून उरलेल्या वस्तू काढाव्या लागतात. आणि इराणच्या त्या चित्रात जे हुकलं, नेमकं तेच इथे सांभाळावं लागतं: वस्तूची नक्कल चालते, तिच्यावरच्या अपघाताची नक्कल चालत नाही.

मेणबत्त्यांचंच उदाहरण घेऊ, कारण त्या दिसायला सोप्या आणि करायला अवघड. समजा, पॉलिश केलेल्या सागवानी टेबलावर तीन पांढऱ्या मेणबत्त्या आहेत. मागे अंधार. डावीकडची ‘क’ उंच आहे आणि तिच्या उजव्या अंगाला मेणाचा लांब ओघळ उतरलेला आहे. मधली ‘ख’ थोडी बुटकी, अंग स्वच्छ, ज्योत सडपातळ. उजवीकडची ‘ग’ सगळ्यांत आखूड, वात वाकडी, वरची कड एका बाजूनं ढासळलेली. यांच्या सात करायच्या आहेत.

नवशिका पहिल्यांदा ‘क’ला लॅसोनं घेरतो, Ctrl+J दाबून तिचा नवा लेयर करतो आणि शेजारी सरकवतो. दोन्ही मेणबत्त्यांवर तोच ओघळ, त्याच उंचीवर, त्याच वळणाचा. मग तो नकलेला आडवं उलटवतो. आता ओघळ डावीकडे गेला आणि जोडी आरशासमोर उभी केल्यासारखी दिसू लागली. मग तो नक्कल लहान करतो. त्यासरशी मेणबत्ती बारीकही होते आणि ज्योत टाचणीच्या डोक्याएवढी उरते. एका पाकिटातल्या मेणबत्त्या जळून आखूड होतात, बारीक होत नाहीत. त्यांच्या ज्योतीही साधारण सारख्याच राहतात.

अनुभवी माणूस मेणबत्ती अखंड उचलतच नाही. तो तिचे भाग पाडतो: ज्योत, वात आणि भोवतीची वितळलेल्या मेणाची वाटी, मधलं अंग, ओघळ, आणि टेबलावर पडलेलं प्रतिबिंब. प्रत्येक भागाचा वेगळा लेयर. तीन ज्योती आणि तीन अंगं म्हटली की नऊ जोड्या होतात. त्यांतल्या तीन मूळच्याच, म्हणजे सहा नव्या. आपल्याला चारच हव्यात. त्यामुळे कुठलीही जोडी दोनदा वापरायची वेळ येत नाही.

उंची बदलायची तर अंगाचा मधला तुकडा काढून वरचा भाग खाली सरकवायचा. जाडी जशीच्या तशी राहते. इथे एक बारीक अडचण येते. जळत्या मेणबत्तीचं वरचं टोक आतून उजळलेलं असतं, कारण ज्योतीचा उजेड मेणात शिरून पसरतो, आणि खाली जावं तसं अंग मंद होत जातं. मधूनच तुकडा काढला की उजळ भाग एकदम मंद भागाला भिडतो आणि सांध्यावर आडवी रेघ दिसते. म्हणून सांधा तीक्ष्ण ठेवत नाहीत. दोन्ही भाग थोडे एकमेकांवर चढवून मऊ ब्रशनं मास्क करतात आणि खालच्या भागाचा उजेड ‘कर्व्ह्ज’नं जुळवून घेतात.

ज्योतीची गोष्ट निराळी. तिला कड नसते. लॅसोनं कड पकडायला गेलं की भोवतीचा पिवळसर प्रकाश कापला जातो आणि ज्योत कागदातून कातरल्यासारखी होते. त्यासाठी ज्योतीभोवतीचा बराचसा अंधारही बरोबर उचलतात आणि त्या लेयरचा ब्लेंड मोड ‘स्क्रीन’ ठेवतात. या मोडमध्ये काळा रंग खालच्या चित्रात काहीच बदल करत नाही, उजळ रंग मात्र आपला उजेड मिसळतो. मागचा अंधार पुरता काळा नसेल तर ‘लेव्हल्स’मध्ये त्याला आणखी काळं करून घ्यावं लागतं. नाहीतर ज्योतीभोवती करड्या चौकोनाची फिकट चौकट राहते, आणि ती बहुधा छपाईतच पहिल्यांदा दिसते.

याच युक्तीत एक खड्डा आहे. ‘स्क्रीन’ मोड चित्र उजळवू शकतो, गडद करू शकत नाही. म्हणून काळी वात त्यात नाहीशी होते आणि ज्योत हवेत तरंगते. वात साध्या मोडमध्ये, मेणाच्या वाटीबरोबर, वेगळी आणावी लागते. जळत्या वातीभोवतीचा काळपट भाग आणि बुडाशी दिसणारी निळसर छटा या दोन गोष्टी जागेवर असल्या तर डोळा बाकी बरंच माफ करतो.

ज्योतीचा आकारही थोडा बदलावा लागतो. ‘लिक्विफाय’ किंवा ‘वॉर्प’ने बूड वातीला बांधलेलं ठेवून टोक तेवढं हलवायचं, कुठे किंचित ताणायचं, कुठे दाबायचं. दिशा मात्र सोडायची नाही. खोलीत वारा एकाच बाजूनं येतो. मूळच्या तिन्ही ज्योती उजवीकडे झुकल्या असतील तर नव्यांनीही थोड्याफार फरकानं उजवीकडेच झुकायला हवं. आडवी उलटवलेली एक ज्योत डावीकडे झुकलेली दिसली की पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण चित्र त्याला खटकतं.

मग उलटवायचं कधीच नाही का? उलटवायचं, पण उजेड मागेल तिथे. ‘ग’ उजव्या टोकाला उभी आहे, म्हणून शेजारणींचा उजेड तिच्या डाव्या अंगावर पडलाय आणि उजवं अंग अंधारात आहे. तिचं अंग रांगेच्या डाव्या टोकाला नेलं तर तिथे उजेड उजवीकडून यायला हवा. म्हणजे अंग उलटवलं तरच खरं दिसेल. ज्योत न उलटवता, अंग उलटवून: एकाच मेणबत्तीच्या दोन भागांना दोन न्याय लावायचे. सगळं एकाच लेयरवर असतं तर हे जमलं नसतं.

आता जागा. टेबलावर मागे ठेवलेली वस्तू लहान दिसते, पण किती लहान, हे अंदाजावर सोडायची गरज नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या कडा मागच्या दिशेनं सरळ वाढवत न्यायच्या. त्या जिथे मिळतात त्या उंचीवर एक आडवी रेघ मारायची. ही डोळ्याची, म्हणजे कॅमेऱ्याची, पातळी. कॅमेरा फार खाली झुकलेला नसेल तर मेणबत्तीचं बूड या रेघेपासून जितकं खाली, त्याच प्रमाणात तिचा आकार. समजा, ‘क’चं बूड रेघेच्या १६०० पिक्सेल खाली आहे आणि ती १००० पिक्सेल उंच आहे. तितकीच उंच नवी मेणबत्ती मागे ठेवायची, जिथे बूड रेघेपासून १२०० पिक्सेलवर येतं. १२०० म्हणजे १६००चे पाऊण. मग नक्कल ७५ टक्के करायची, उंची ७५० पिक्सेल. हे लहान करणं अंतरामुळे आहे, जळण्यामुळे नाही. म्हणून इथे जाडी आणि ज्योत दोन्हीही त्याच प्रमाणात घटतात. जळून आखूड झालेली आणि दूर गेलेली मेणबत्ती यांतला हा फरक चुकला की टेबल उतरतं वाटायला लागतं.

मागे नेलेली वस्तू लेन्सच्या फोकसमधूनही बाहेर जाते. स्पष्ट वस्तू धूसर करता येते, धूसर वस्तू स्पष्ट करता येत नाही. त्यामुळे नक्कल शक्यतो पुढून मागे न्यावी, मागून पुढे आणू नये. धूसर केलं किंवा लहान केलं की छायाचित्रातला कण, ज्याला ‘नॉइज’ म्हणतात, तोही पुसला जातो आणि नवी मेणबत्ती प्लास्टिकसारखी गुळगुळीत दिसते. पडद्यावर चित्र दुप्पट मोठं करून शेजारच्या मूळ अंधाराइतका कण परत टाकावा लागतो. सगळ्यांत कंटाळवाणं काम हेच, आणि म्हणूनच ते सर्रास वगळलं जातं.

आपल्या चार मेणबत्त्या आता उभ्या करता येतात. पहिली: ‘ख’चं अंग, ‘ग’ची वात आणि ज्योत, जागा ‘क’च्या मागे, निम्मी झाकलेली. झाकलेल्या वस्तूला सोंग कमी घ्यावं लागतं, म्हणून पहिला डाव नेहमी मागच्या रांगेत टाकतात. दुसरी: ‘ग’चं उलटवलेलं अंग, ‘ख’ची ज्योत, अगदी डाव्या टोकाला. तिसरी: ‘क’चं अंग, मधून तुकडा काढून आखूड केलेलं, ओळख पटवणारा तो लांब ओघळ ‘हीलिंग ब्रश’नं पुसलेला, वर ‘ग’ची ताणलेली ज्योत. हिला ‘ग’च्या पलीकडे, उजव्या टोकाला नेऊन ठेवायचं, म्हणजे ‘क’ आणि तिच्या नकलेत बाकीच्या मेणबत्त्या येतात. डोळा शेजारच्या दोन वस्तूंची तुलना सहज करतो, लांबच्या दोन वस्तूंची क्वचित. चौथी अगदी मागे, धूसर. तिच्यावर ‘क’ची ज्योत ‘ख’च्या अंगावर बसवली तरी पुरे, कारण तिथे तपशील उरतच नाहीत. दोन बुडांमधलं अंतरही सारखं ठेवायचं नाही. माणूस हातानं मेणबत्त्या मांडतो तेव्हा कुठे दोन चिकटतात, कुठे मध्ये मोकळी जागा राहते.

एवढं झाल्यावरही चित्र खोटं दिसतं. कारण टेबलाला अजून चार नव्या ज्योतींची खबरच नाही. पॉलिशवर प्रत्येक ज्योतीचं प्रतिबिंब हवं. ते बुडाच्या सरळ खाली पडतं, मूळ प्रतिबिंबांइतकंच मंद आणि लांबट. ते उचलताना लाकडाच्या रेषा बरोबर येऊ द्यायच्या नाहीत. तोच सागाचा डोळा दोनदा दिसला की सगळं काम उघडं पडतं. इथेही ‘स्क्रीन’ मोड आणि मोठा मऊ मास्क उपयोगी पडतो. शिवाय ज्योती वाढल्या म्हणजे आसपासचा उजेडही वाढायला हवा. मूळ चित्रातल्या प्रकाशाच्या वर्तुळातून रंग उचलायचा आणि नव्या लेयरवर मोठ्या मऊ ब्रशनं, अगदी कमी अपारदर्शकतेनं, नव्या मेणबत्त्यांभोवती फिरवायचा. शेजारणींची जी अंगं आता नव्या ज्योतीसमोर आली तीही थोडी उजळायची. सावल्यांचं मात्र फार मनावर घेऊ नये. सात दिवे सात बाजूंनी असले की सावल्या एकमेकींना खाऊन टाकतात. गडद अशी एकच जागा सांभाळायची, ती म्हणजे मेणबत्तीचं बूड टेबलाला टेकतं तिथली बारीक काळी रेघ. ती नसेल तर मेणबत्ती टेबलाच्या वर अधांतरी उभी राहते.

पुस्तकांचं दुखणं वेगळं. तिथे ज्योत नाही, पण कण्यावर अक्षरं आहेत. कणा उलटवला की अक्षरं उलटी होतात, आणि मराठी वाचकाला आरशातली देवनागरी लांबूनही कळते. तेच शीर्षक खणात दोनदा दिसणंही खुपतं, कारण माणूस पुस्तकाचा फोटो पाहत नाही, वाचतो. म्हणून आधी अक्षरं पुसून कोरा कणा तयार करतात. मग ‘ह्यू-सॅच्युरेशन’मध्ये रंग बदलतात, कण्याची रुंदी थोडी कमीजास्त करतात, वरचा भाग एका पुस्तकाचा आणि खालची पट्टी दुसऱ्याची घेतात. कणा रुंदीत ताणला तर फारसं बिघडत नाही, पुस्तकं जाड-बारीक असतातच. अक्षरं नव्यानं लिहिली तर तीही खणातल्या उजेडाइतकी मंद करावी लागतात. संगणकावर ताजी लिहिलेली अक्षरं जुन्या कापडी कण्यावर फार टवटवीत दिसतात. एखादं पुस्तक शेजारच्यावर कललेलं, दोन-तीन आडवी रचलेली, एखादं दोन बोटं पुढे आलेलं, अशी मांडणी केली की ओळखू येणाऱ्या खुणा आपोआप विखुरतात. मात्र पुढे आलेल्या पुस्तकाची सावली शेजारच्या कण्यावर टाकायला विसरून चालत नाही.

याला अपवाद संचाचा. विश्वकोशाच्या खंडांसारखी रांग वाढवायची असेल तर कणे सारखेच असायला हवेत, उगाच रंग बदलले तर तेच खोटं वाटेल. तिथे बदलायचा तो खंडाचा आकडा आणि झीज: एकाच्या माथ्याशी बोट घालून ओढल्यानं विरलेलं कापड, दुसऱ्यावर उन्हानं उडालेला रंग.

काम झालं हे ओळखायला कारागिरांच्या काही खात्रीच्या चाचण्या आहेत. चित्र टपाल तिकिटाएवढं करून पाहायचं. पुनरावृत्ती लहान आकारात लगेच उठून दिसते. मग सबंध चित्र आडवं उलटवून पाहायचं. तासन्‌तास त्याच चित्राकडे बघून डोळा सरावलेला असतो, उलटवल्यावर तो ते नव्यानं पाहतो. संशय असलेली जोडी असेल तर एकीचा लेयर दुसरीवर बरोबर बसवून मोड ‘डिफरन्स’ करायचा. जिथे दोन्ही तंतोतंत सारख्या तिथे काळं दिसतं. अंगाचा मधला भाग काळा आला तर हरकत नाही. ओघळ, वाटीची कड किंवा वातीचं वळण काळं आलं तर तिथे पुन्हा ब्रश चालवावा लागतो.

माणसाच्या डोळ्याला चकवणं आणि यंत्राला चकवणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. जेसिका फ्रिड्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक पद्धत मांडली. तीत चित्राचे एकमेकांवर चढणारे छोटे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाचं गणिती वर्णन काढतात, वर्णनं क्रमानं लावतात आणि सारखी वर्णनं शेजारी आली की त्या तुकड्यांमधलं अंतर नि दिशा तपासतात. एखाद्‌दुसरं साम्य योगायोगानं निघू शकतं. पण पुष्कळ तुकडे एकाच दिशेला, एकाच अंतरावर जुळले तर तो भाग उचलून ठेवलेला. नकलेला फिरवलं किंवा लहान केलं की ही मूळ पद्धत अडखळते. त्यासाठी पुढे चित्रातले ठळक बिंदू जुळवणाऱ्या पद्धती आल्या. सजावटीच्या पानाला अशी तपासणी कोणी लावत नाही. छायाचित्र स्पर्धेला किंवा वर्तमानपत्राला पाठवायचं असेल तर मात्र सात मेणबत्त्या खरोखरच्या लावाव्यात.

एका छायाचित्रातून किती काढता येईल, यालाही मर्यादा आहे. मुळात तीन वस्तू असतील तर सात होतात, नऊपर्यंतही नेता येतं. मुळात एकच असेल तर तिच्या दोन किंवा तीन नकला तग धरतात, पुढे प्रत्येक नकलेवरची दुरुस्ती वस्तू नव्यानं रंगवण्याइतकी होते. त्यामुळे पुढे वस्तू वाढवाव्या लागतील अशी शंका असेल तर जाणकार छायाचित्रकार कॅमेरा तिवईवर तसाच ठेवतो, फोकस आणि एक्स्पोजर हातानं कायम करतो आणि तीच मेणबत्ती दर वेळी पाव फेरा फिरवून, थोडी सरकवून आणखी चार-पाच चित्रं घेतो. ओघळ मागे जातो, दुसरी कड पुढे येते, प्रतिबिंब आणि टेबलावरचा उजेड आयते मिळतात. ही चित्रं एकावर एक ठेवून मास्क केली की तासाभराचं काम काही मिनिटांत उरकतं.